लोकलच्या गर्दीसाठी स्लिंग बॅग कशी निवडावी?

प्रश्न: रोज लोकल आणि बसने जाते. मोबाइल-पाकीट सुरक्षित राहील अशी स्लिंग बॅग घेताना चेन आणि पट्टा कसा बघायचा?

उत्तर: दुकानात रिकामी बॅग लावून आरशात बघू नका. आत मोबाइल, पाकीट आणि पाण्याची छोटी बाटली टाका, पट्टा तिरका घाला आणि वरची कडी धरल्यासारखा हात उंच करा. हात वर गेला की खांदा उचलतो आणि पट्टा सैल असेल तर बॅग सरकून पाठीकडे जाते. नेमकं तिथेच तुमचं लक्ष नसतं. हात वर असतानाही बॅग पोटासमोर, बेंबीच्या आसपास राहील इतकाच पट्टा ठेवा. मग बकलजवळ जोरात ओढून पाहा. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा पातळ बकलमधून हळूहळू सुटतो आणि संध्याकाळपर्यंत बॅग मांडीवर येते.

आता चेन. बॅग समोर असताना रनर बंद होऊन तुमच्या हाताजवळ यायला हवा, मागच्या टोकाला नाही. दोन रनरची चेन मधोमध बंद केली तर बोट घालून ती सहज फाकते. दोन्ही रनर एका टोकाला न्या आणि त्यांच्या भोकांतून छोटी की-रिंग ओवा. बारीक दातांची चेन गच्च भरलेल्या बॅगेवर लवकर उसवते, त्यामुळे थोडी जाड चेन बरी.

मोबाइल मात्र पोटाला टेकणाऱ्या मागच्या कप्प्यातच. बाहेरचा दर्शनी कप्पा रुमालासाठी ठीक आहे.