चोर सोडून संन्याशाला फाशी

प्रश्न: घरी रोज नाश्त्याला पोहे असतात. तेल, शेंगदाणे, बटाटा सगळं आई अंदाजाने टाकते. मग एका प्लेटचे मॅक्रोज कसे काढायचे? थोडाफार फरक चालेल.

बटाट्याचा विचार सोडून दे, तेल मोज, बास. इथेच थांबलास तरी चालेल, पण हा प्रश्न आमच्या घरात सहा महिने धुमसत होता त्यामुळे मी काही थांबणार नाहीये.

झालं असं की आमच्या दादाने जिम लावली आणि दुसऱ्याच आठवड्यात फर्मान काढलं, पोह्यात बटाटा नको, बटाटा म्हणजे नुसते कार्ब्स. आई बिचारी लगेच ऐकते त्याचं, माझं नाही ऐकत ती वेगळी गोष्ट. बटाटा बंद झाला. आता बटाटा नसला की पोहे कोरडे लागतात, तर आईने काय केलं, एक मूठ दाणे जास्त आणि फोडणीला जरा सढळ हात. आणि दादा खूश, की बघ मी कसं क्लीन खातोय! सहा महिन्यांत वजन ढिम्म हललं नाही आणि त्याचं खापर फुटलं गुळाच्या चहावर.

मी ॲपमध्ये नोंद करायचो तेव्हा आईला विचारलं, तेल किती? तर म्हणाली, अरे दोन चमचेच. मी दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम धरून मोकळा. मग एका रविवारी मी उठून ओट्याजवळ उभा राहिलो आणि बघितलं तर तो चमचा नव्हताच, तेलाच्या भांड्यातली पळी होती, तीही शिगोशीग. आणि दोन पळ्या झाल्यावर मोहरी तडतडायच्या आधी तिसरी अर्धी, "कढईला चिकटायला नको म्हणून". म्हणून सांगतो, चमचा कुठला हे विचारल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. सपाट चहाचा चमचा साडेचार ग्रॅम तेलाचा आणि मोठा चमचा साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, घरातल्या पळीला तर कसलंच माप नसतं.

पुढच्या रविवारी मी काहीच बोललो नाही, फक्त तेलाचं भांडं वजनकाट्यावर ठेवलं, फोडणी झाल्यावर परत ठेवलं. ४४ ग्रॅम कमी झालं होतं. हीच युक्ती आहे, आईला मोजून टाक म्हणायचं नाही (भांडण होतं), भांडं आधी आणि नंतर तोलायचं. दाण्यांच्या बरणीचंही तसंच. बटाटा त्या दिवशी मीच हट्टाने घालायला लावला होता.

तर तिघांसाठी त्या दिवशी असं होतं: कोरडे जाडे पोहे २०० ग्रॅम, तेल ४४, दाणे ४०, बटाटा १५०, कांदा १५०. पोह्यांचे ७०० कॅलरी, तेलाचे जवळपास ४००, दाण्यांचे सव्वादोनशेच्या वर, बटाट्याचे ११५ आणि कांद्याचे ६०. एकूण १५००. प्रोटीन २७ ग्रॅम, कार्ब्स २००, फॅट ६६. म्हणजे सरासरी प्लेट ५०० कॅलरीची, ९ प्रोटीन, ६७ कार्ब्स, २२ फॅट. आता हेच मी दोन छोटे चमचे तेल धरून लिहिलं असतं तर प्लेट ४०० ची दिसली असती आणि फॅट निम्मं.

आता उलट बाजूने बघ. बटाट्याचा अंदाज ५० ग्रॅमने चुकला, म्हणजे छोटा बटाटा म्हणून मोठा निघाला, तर सगळ्या कढईत चाळीसेक कॅलरी, एका प्लेटला तेरा! एवढ्यासाठी दादाने सहा महिने घरच्यांना बिनबटाट्याचे पोहे खायला लावले. आणि त्या जागी जी मूठभर दाण्यांची भर पडली ती तीस ग्रॅम धरली तरी १७० कॅलरी, काढलेला बटाटा त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. दाण्यात प्रोटीन असतं वगैरे ऐकवतात लोक, असतं ना, तीस ग्रॅमात आठेक ग्रॅम, पण सोबत पंधरा ग्रॅम फॅट येतं ते पण लिही.

अजून दोन ठिकाणी माझी चूक झाली होती. पहिली म्हणजे मी भिजवून शिजलेले पोहे तोलले आणि ॲपमध्ये कोरड्या पोह्यांच्या नोंदीत टाकले, माझी प्लेट २८० ग्रॅमची, दिसले ९८० कॅलरी, त्या दिवशी जेवलोच नाही मी. पोहे धुतले की पाणी पिऊन दुपटीच्या आसपास होतात, म्हणून कोरडेच तोलायचे. दुसरी, बटाटा तळलेला म्हणून शोधला, आणि तेल वेगळं टाकलं, म्हणजे तेल दोनदा. कच्चा बटाटा धरायचा, तेल एकदाच.

आणि तीन जण म्हणून भागिले तीन करू नकोस. कढई रिकामी असताना तोलून ठेव, पोहे झाल्यावर भरलेली तोल. आमचे ७२० ग्रॅम निघाले होते, मी घेतले २८०, म्हणजे ३९ टक्के, म्हणजे माझे ५०० नाही तर ५८५. यातही एक मेख आहे, दाणे कढईत सारखे पसरत नाहीत, वाढताना मागे राहून तळाशी साचतात. आमचा दादा शेवटी वाढून घेतो, का ते मला आता कळलं. बाहेर खाताना काटा नसतो तेव्हा दाणे मोजायचे, वीस दाणे म्हणजे साधारण बारा ग्रॅम, सत्तर कॅलरी. तेलाचं बाहेर नक्की सांगता येत नाही, प्लेट संपल्यावर तळाला चकाकी राहिली असेल आणि बोटं तुळतुळीत झाली तर वरचा अंदाज धर. शेव असेल तर वेगळी लिही, ती तेलातूनच येते. लिंबू, कोथिंबीर, मिरची विसर. ओलं खोबरं विसरू नको.

हां, एक राहिलं, मी हे कॅलरी आणि मॅक्रोजचं बोलतोय. घरात कुणाला शुगर असेल तर बटाट्याचा हिशोब वेगळा, आणि खरं तर पोह्यांचाही, तो डॉक्टरांना विचार. दादाला शुगर नाहीये, त्याला फक्त बटाटा आवडत नव्हता, हे आईने मला गेल्या आठवड्यात सांगितलं.

आता आमच्याकडे बटाटा परत आलाय. पळी पण आहे तिथेच, फक्त आई हल्ली फोडणी घालायच्या आधी मला हाक मारते, "ये रे, तुझं ते भांडं तोलायचंय ना."