दोन वर्गसमीकरणांचं सामाईक मूळ: सूत्र न लावता k कसा काढायचा?

प्रश्न: 3x² − 11x + k = 0 आणि x² − 5x + k = 0 यांचं एक मूळ सामाईक आहे, तर k काढा. मी सूत्राने दोन्हींची मुळं काढली आणि बरोबरी मांडली, पण दोन्हीकडे वर्गमुळात k अडकून बसतो. समीकरणं पूर्ण न सोडवता होतं का? (अकरावी, डिचोली)

उत्तर: होतं. चार मुळांपैकी तुला एकाशीच काम आहे, मग चारही कशाला काढायची? सामाईक मुळाला α म्हण. ते दोन्ही समीकरणांत बसतं:

3α² − 11α + k = 0
α² − 5α + k = 0

आता वजाबाकी कर. k दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो निघून जातो आणि उरतं 2α² − 6α = 0, म्हणजे 2α(α − 3) = 0. α एकतर 0 किंवा 3. दुसऱ्या समीकरणात 3 ठेवलास तर 9 − 15 + k = 0, म्हणून k = 6. 0 ठेवलास तर k = 0. झालं.

फोंड्याला माझ्याकडे शिकवणीला येणारी बरीच मुलं इथे 2α ने भागून मोकळी होतात आणि k = 0 हरवतात. ते उत्तर खरं आहे: 3x² − 11x आणि x² − 5x या दोन्हींना x = 0 चालतं. प्रश्नात ‘k शून्य नाही’ असं लिहिलं असेल तरच ते सोडायचं.

हे का चालतं ते आलेखात छान दिसतं. k नसताना दोन्ही पॅराबोला काढ. ते x = 0 आणि x = 3 इथे एकमेकांना छेदतात, आणि छेदबिंदूंची उंची अनुक्रमे 0 आणि −6 येते. k वाढवला की भरतीच्या वेळी मांडवीतल्या होड्या वर याव्यात तसे दोन्ही आलेख सारखेच वर सरकतात, छेदबिंदूंचे x मात्र जागचे हलत नाहीत. सामाईक मूळ म्हणजे छेदबिंदू x-अक्षावर येणं. −6 वरचा बिंदू अक्षावर आणायला 6 ने उचलावं लागतं, तोच आपला k. वजाबाकीने फक्त ‘दोन्हींच्या किमती सारख्या’ एवढंच कळतं, ‘दोन्ही शून्य’ हे कळत नाही. म्हणून α मिळाल्यावर ते मूळ समीकरणातच ठेवायचं. वजाबाकीच्या समीकरणात परत ठेवलंस तर 0 = 0 येईल आणि तू तिथल्या तिथे फिरत राहशील.

k असा सुटा नसेल तर k ऐवजी x² घालवायचा. समज x² + kx + 6 = 0 आणि x² + 6x + k = 0 अशी जोडी आहे. वजाबाकी केल्यावर (k − 6)α − (k − 6) = 0, म्हणजे (k − 6)(α − 1) = 0. α = 1 घेतलं तर 1 + k + 6 = 0, k = −7. पण k = 6 सुद्धा शक्य आहे. तेव्हा दोन्ही समीकरणं एकच होतात आणि दोन्ही मुळं सामाईक असतात. प्रश्नात ‘एकच मूळ सामाईक’ असेल तर 6 बाद, ‘किमान एक’ असेल तर 6 हवाच. प्रश्नातला हा एक शब्द वाचल्याशिवाय भागाकाराला हात लावू नकोस. x² चे सहगुणक वेगळे असतील तर आधी गुणून ते सारखे करायचे, बाकी रीत तीच.

पुस्तकातलं (c₁a₂ − c₂a₁)² = (a₁b₂ − a₂b₁)(b₁c₂ − b₂c₁) हे सूत्र याच कृतीतून निघतं. तुझ्या प्रश्नात ते 4k² = (−4)(−6k) असं होतं, उत्तर पुन्हा 0 आणि 6. पण पाठ केलेल्या सूत्रात एक चिन्ह चुकलं तर ते कळायला मार्ग नसतो, म्हणून मी स्वतः वजाबाकीच करते.

पडताळाही समीकरण न सोडवता होतो. k = 6 असताना दुसऱ्या समीकरणाच्या मुळांची बेरीज 5, म्हणून दुसरं मूळ 2, आणि गुणाकार 3 × 2 = 6, बरोबर. पहिल्यात गुणाकार 6/3 = 2, म्हणून दुसरं मूळ 2/3, आणि बेरीज 3 + 2/3 = 11/3, तीही जुळते.