गाण्याच्या क्लिपमध्ये शब्द बरोब्बर बीटवर कसे आणायचे?

प्रश्न: स्वतःचं गाणं आहे, ३० सेकंदांची क्लिप, शब्द एकेक करून टाकतोय पण सुरवातीला जुळतात आणि पुढे पुढे मागे पडतात, काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक फ्रेम राउंड करून पुढे पुढे मिळवत चाललायस. समज गाणं ९२ बीपीएमचं आणि व्हिडिओ ३० एफपीएसचा, तर एका बीटला ६० भागिले ९२ गुणिले ३० म्हणजे साधारण १९.५७ फ्रेम येतात. आपण सोयीसाठी २० धरतो आणि दर शब्दाला २० पुढे सरकतो, मग १६ बीट झाल्या की शब्द ३२० व्या फ्रेमवर येतो आणि खरी बीट ३१३ वर होऊन गेलेली असते, ७ फ्रेम म्हणजे जवळपास पाव सेकंद, ते डोळ्याला लगेच खटकतं. म्हणून प्रत्येक शब्दाची जागा पहिल्या बीटपासून मोजायची, पहिली बीट शून्य धरून बीट नंबर गुणिले १९.५७, आणि राउंड फक्त शेवटी.

आता बीटवर नक्की काय येतं तेही बघ. "स्वप्न" गाताना "स्" आधीच सुरू होतो आणि बीटवर पडतो तो "व"मधला स्वर, त्यामुळे वेव्हफॉर्ममध्ये सळसळ दिसते तिथे शब्द चिकटवलास तर घाईत आल्यासारखा वाटतो. मी बीटच्या एक फ्रेम आधी ठेवतो, बास. फेड-इन मात्र काढून टाक, नाहीतर शब्द नीट दिसेपर्यंत बीट गेलेली असते.

आणि हो, चेक करताना ब्लूटूथ नको, त्यात आवाज जरा उशिरा येतो, वायरचा हेडफोन लाव. मी एकदा ब्लूटूथवर ऐकून अख्खी क्लिप सरकवली होती, सगळी परत करावी लागली 😅