युवा संमेलनात बोलण्याआधी

प्रिय मुली,

ठाण्याच्या युवा संमेलनासाठी लिहिलेलं भाषण पाठवलंस, ते मी दोनदा मोठ्यानं वाचलं. सीए इंटरला नापास झालीस, तो निकालाचा दिवस छान उतरलाय. पास झाल्याचा दिवसही आहे. मधलं मात्र ‘मग मी जिद्दीनं अभ्यास केला’ एवढ्यात उरकलंस. समोर बसलेली कितीतरी मुलं आज त्या मधल्याच जागी असतील, त्यांना तेच ऐकायचंय.

आकडे सांग. सीए इंटरच्या पहिल्या ग्रुपला अकाउंट्स ६४, लॉ ४१, टॅक्स ३८. सगळ्यांना नियम माहीत नसतात, म्हणून थोडक्यात समजाव: प्रत्येक पेपरला किमान ४० आणि तिन्ही मिळून ३०० पैकी १५० लागतात. तुझे झाले १४३. म्हणजे टॅक्समध्ये दोन मार्क वाढून मिळाले असते, तरी ग्रुप सुटला नसता. ‘दोन मार्कांनी गेलं’ असं तू घरीदारी सांगत होतीस. हिशेब तसा नाही, हे ज्या दिवशी तुला कळलं, तिथूनच तुझं सावरणं सुरू झालं, असं मला वाटतं.

त्याच हिशेबात दिलासाही होता. साठच्या वर गेल्यामुळे अकाउंट्समधून पुढच्या तीन अटेम्प्टसाठी सूट मिळाली आणि ते ६४ बेरजेतही धरले जाणार होते. उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८६ हवे होते, दोन्हीकडे चाळिशी गाठून. सगळं पहिल्यापासून करायचं नव्हतं.

मग उत्तरपत्रिकेची प्रत मागवलीस. हा भाग सावकाश सांग. पेपर पुन्हा तपासून मिळत नाही, फक्त बेरीज चुकली किंवा एखादं उत्तर तपासायचं राहिलं तरच फरक पडतो. हे माहीत असूनही मागवलीस, हेही सांग. लॉच्या पानांवर काय दिसलं? ‘करार रद्द होईल’ हा निष्कर्ष बरोबर, पण त्याआधी कायद्यातली तरतूद नाही, ती दिलेल्या प्रसंगाला कशी लागू होते तेही नाही. म्हणून चारपैकी एक मार्क. टॅक्समध्ये शेवटचा प्रश्न कोराच होता. एकीकडे उत्तर लिहिण्याची पद्धत चुकली होती, दुसरीकडे वेळ पुरला नव्हता. जास्त तास वाचून यातलं काहीच सुटलं नसतं. तू रोज एक उत्तर तरतूद, प्रसंग, निष्कर्ष अशा क्रमानं हातानं लिहायला लागलीस आणि टॅक्सचे पेपर घड्याळ लावून सोडवलेस.

बाबा निकालाच्या दिवशी काय बोलले, ते भाषणात ठेवायचं असेल तर आधी त्यांना विचार. नको म्हणाले तर काढून टाक, भाषण अडत नाही.

आठ मिनिटं आहेत. निकालाला एक पुरे, उत्तरपत्रिकेला चार दे. ‘म्हणून कधीच हार मानू नका’ ही शेवटची ओळ काढ. तुझ्याबरोबरच्या एकीनं सीए सोडून नोकरी धरली, तीही समोर बसलेली असेल.

रविवारी संध्याकाळी नौपाड्यात घरी ये. घड्याळ लावून ऐकतो.

तुझे,
सर