सीडीसी आधी की नाविक ओळखपत्र?
प्रश्न: मी खानापूरचा. जहाजावर खलाशी होण्याच्या जीपी रेटिंग अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतोय. सीडीसी, म्हणजे नाविकाच्या जहाजावरील सेवेची नोंदवही, आधी काढायची की नाविक ओळखपत्र? दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाची आद्याक्षरेच आहेत, ते चालेल का?

उत्तर: सीडीसी आधी. आजचे बायोमेट्रिक नाविक ओळखपत्र भारत सरकारची वैध सीडीसी असलेल्यालाच मिळते, आणि सीडीसीसाठी इंडोस म्हणजे नाविकांच्या राष्ट्रीय नोंदणीतील क्रमांक, नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतील प्रशिक्षण, नाविकांच्या प्रशिक्षणाच्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचे सुरक्षेचे मूलभूत अभ्यासक्रम आणि मान्यताप्राप्त डॉक्टरांचा वैद्यकीय दाखला लागतो.

खरी काळजी नावाची घ्या. गुणपत्रिकेवर ‘एस. एम. पाटील’ आणि पासपोर्टवर ‘सागर मारुती पाटील’ असेल, तर हा फरक इंडोसपासून पुढच्या प्रत्येक कागदावर आडवा येऊ शकतो. म्हणून इंडोसचा अर्ज भरण्यापूर्वीच शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे नावाच्या दुरुस्तीची चौकशी करा आणि पुढे सर्वत्र पासपोर्टवरील नाव अक्षरशः तसेच लिहा. आपल्या भागात जन्मस्थानाचाही घोळ होतो, कारण 2014 पूर्वीच्या इंग्रजी कागदांवर बेळगावचे जुने स्पेलिंग असते. तेही पासपोर्टप्रमाणेच ठेवा.

सीडीसीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असून ती मुंबई, कोलकाता किंवा चेन्नई येथील शिपिंग मास्टर देतात. ओळखपत्रासाठी मात्र चेहऱ्याची बायोमेट्रिक नोंद करायला केंद्रावर स्वतः जावे लागते, आणि तुम्हाला गोव्याचे केंद्र जवळ पडेल. प्रशिक्षणाशिवाय परदेशी सीडीसी देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका, कारण तिच्या आधारे हे ओळखपत्र मिळत नाही.