विम्याचे पैसे खर्चातून वजा करा, मर्यादेतून नको

*वकीलसाहेब, पत्नीच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळावा म्हणून कंपनीत अर्ज केला. पाच पावत्या जोडल्या: रुग्णालयाचे अंतिम बिल ६१,२००, आधीच्या तपासण्या ५,४५०, दाखल असतानाची औषधे ९,३००, घरी आल्यावरची औषधे २,७५० आणि डिपॉझिटची पावती १०,०००. एकूण ८८,७०० झाले, तेवढेच सहानुभूतीने द्यावेत असे लिहिले. विमा कंपनीने ३०,००० दिले आहेत. आमच्या धोरणातले वाक्य असे: "कर्मचारी व अवलंबितांच्या प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती दर वर्षी कमाल ६०,००० पर्यंत केली जाईल, विम्यातून भरून मिळालेली रक्कम वगळली जाईल." याच वर्षी दातांसाठी मी ६,००० घेतले होते. अकाउंट्सवाले म्हणतात, ६०,००० मधून ३०,००० आणि ६,००० गेले, उरले २४,०००. एचआरने अर्ज नीट लिहून द्यायला सांगितले आहे. काय लिहू?*

आधी तुमच्या बेरजेतली चूक दुरुस्त करू, कारण ती तशीच राहिली तर पुढचा युक्तिवाद कुणी वाचणार नाही. डिपॉझिटची पावती म्हणजे वेगळा खर्च नव्हे. अंतिम बिलाच्या शेवटी "आगाऊ जमा १०,०००" अशी ओळ असेल, ती पाहा. ६१,२०० चे जे बिल झाले, त्यातलेच दहा हजार तुम्ही आधी भरले होते. तेच दोनदा धरले गेले आहेत. तुमच्याकडून नजरचुकीने झाले असेल, पण तपासणाऱ्याला ते खोट्या क्लेमसारखे दिसते, आणि अशा गोष्टीवरून शिस्तभंगाची नोटीस निघालेली मी पाहिली आहे. ती पावती पैसे भरल्याचा पुरावा म्हणून जोडा, रकमेच्या रकान्यात मात्र धरू नका. खरी बेरीज ७८,७००.

अंतिम बिलात सोबतच्या माणसाचे जेवण आणि नोंदणी फी मिळून समजा १,२०० असतील, तर तेही स्वतःच काढून टाका. धोरणात "वैद्यकीय खर्च" म्हटले आहे आणि सोबत्याचे जेवण त्यात बसवणे अवघड आहे. समोरच्याने कापण्याआधी आपण सोडले की उरलेल्या आकड्यांवर विश्वास बसतो. मग मागण्यायोग्य खर्च ७७,५०० राहतो.

आता खरा वाद. अकाउंट्सवाल्यांनी विम्याचे ३०,००० मर्यादेतून वजा केले. धोरणाचे वाक्य पुन्हा वाचा. "कमाल ६०,०००" हे शब्द "प्रतिपूर्ती"ला लागलेले आहेत, म्हणजे कंपनीने स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती द्यायचे हे ते सांगतात. विम्याने दिलेले पैसे कंपनीची प्रतिपूर्ती नाहीत, तेव्हा ते या मर्यादेत मोजण्याचे कारण दिसत नाही. दुसऱ्या भागात "भरून मिळालेली रक्कम" असे शब्द आहेत. भरून निघतो तो खर्च, मर्यादा नव्हे. म्हणून वजाबाकी खर्चातून: ७७,५०० मधून ३०,००० गेले, उरले ४७,५००. नंतर मर्यादा: ६०,००० मधून आधी घेतलेले ६,००० गेले, शिल्लक ५४,०००. मागणी त्याच्या आत आहे, तेव्हा ४७,५०० पूर्ण मागा. वजाबाकीचा क्रम बदलल्याने तुमचे २३,५०० जात होते.

यावर कंपनी म्हणू शकते की वाक्याचा अर्थ आमच्या बाजूनेही लागतो. अनेक देशांच्या करारकायद्यात असे तत्त्व आहे की मजकूर खरोखर दुहेरी अर्थाचा असेल, तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावा, कारण स्पष्ट लिहिणे त्याच्या हातात होते. पण हा शेवटचा आधार आहे, पहिले हत्यार नव्हे. शिवाय धोरणात दुसरीकडे कुठे "विम्यासह एकूण लाभ ६०,०००" असे लिहिलेले सापडले, तर अकाउंट्सचाच हिशेब बरोबर ठरेल. म्हणून सहीपूर्वी अख्खे धोरण, विशेषतः व्याख्यांचे पान, वाचाच. उपचाराच्या तारखेला लागू असलेलीच आवृत्ती घ्या. नंतर बदललेली घेऊ नका.

दातांचे ६,००० लपवू नका. ती नोंद कंपनीकडे आहेच, तुम्ही सांगितली तर ती तुमच्या हिशेबाचा भाग होते, त्यांनी शोधली तर आरोप होतो.

"सहानुभूतीने" हा शब्द मात्र काढा. सहानुभूती मागितली की देणे न देणे समोरच्याच्या मर्जीवर आहे असे तुम्हीच लिहून दिल्यासारखे होते. सौजन्य ठेवा, पण मागणी कलमावर उभी करा. मजकूर साधारण असा:

"महोदय, आधीच्या अर्जात डिपॉझिटची पावती नजरचुकीने खर्चात धरली गेली होती. तो अर्ज मागे घेऊन हा सुधारित अर्ज देत आहे. वैद्यकीय प्रतिपूर्ती धोरणाच्या कलम (क्रमांक) नुसार माझ्या पत्नीच्या उपचारांचा खर्च मागत आहे.
१. रुग्णालयाचे अंतिम बिल ६१,२००, पैकी वैद्यकीय नसलेले १,२०० वगळून ६०,०००
२. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या ५,४५०
३. दाखल असतानाची औषधे ९,३००
४. डिस्चार्जनंतरची औषधे २,७५०
एकूण ७७,५००. विम्यातून मिळालेले ३०,००० वजा जाता न भरून निघालेला खर्च ४७,५००. या वर्षाची मर्यादा ६०,०००, यापूर्वी घेतलेले ६,०००, शिल्लक ५४,०००. मागणी: ४७,५००. काही रक्कम नामंजूर केल्यास बिलनिहाय कारण व लागू कलम लेखी कळवावे."

प्रत्येक ओळीत बिलाचा क्रमांक आणि तारीख घाला. मूळ बिले बहुधा विमा कंपनीने ठेवून घेतली असतील. तसे असेल तर प्रतींसोबत त्यांचे सेटलमेंट पत्र जोडा. तीस हजार कशापोटी दिले हे त्यातूनच कळते. घरच्या औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी हवी, तिच्याशिवाय २,७५० ची ओळ सगळ्यात आधी उडते. मुदतीचे कलमही पाहा, ती बिलाच्या तारखेपासून मोजायची की डिस्चार्जपासून यावर तपासण्यांचे बिल अवलंबून असते, कारण ते सगळ्यात जुने आहे.

पत्नीचे सगळे रिपोर्ट जोडण्याची गरज नाही. अर्ज तीन-चार टेबलांवरून फिरतो. डिस्चार्ज कार्डात निदान असतेच, बाकीचे धोरणाने मागितले तरच द्या.

एवढे करूनही खात्यात २४,०००च आले, तर ते परत करू नका. त्याच दिवशी ईमेल करा: "मिळालेली रक्कम अंशतः स्वीकारत आहे, उरलेल्या २३,५०० वरचा हक्क राखून ठेवत आहे." "पूर्ण व अंतिम" असे लिहिलेला कागद सहीला आला, तर ईमेलचे उत्तर येईपर्यंत त्यावर सही करू नका.