फ्रेंच रिपोर्टमधली नामं: रेग्लाज वेगळं, रेग्लमां वेगळं

«दादा, मी नाशिकची, मेकॅनिकलवाली. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये मेंटेनन्सच्या नोकरीसाठी निघतेय. बी२ जवळ आलंय, बोलणं जमतं. पण आमचे सर म्हणतात, रिपोर्ट लिहायचे तर क्रियापदाचं नाम करायला शिक. हे किती लागतं आणि नेमकं करायचं कसं?»

बोलण्यात जवळजवळ लागत नाही, पण लिहिण्यात पहिल्याच आठवड्यात लागेल. शिफ्ट संपली की मशीनच्या नोंदवहीत दोन ओळी लिहाव्या लागतात, आणि त्या ओळींत बहुतेकदा क्रियापदच नसतं.

एक प्रसंग घे. पंपाचं सील गळत होतं म्हणून लाईन थांबवली. बोलताना आपण म्हणू, «ल ज्वॅं फ्वीये, दोंक ओं ना आरेते ला लिन्य.» रिपोर्टमध्ये तेच असं होतं: «ला फ्वीत द्यु ज्वॅं आ आंत्रेने लारे द ला लिन्य.» म्हणजे सीलच्या गळतीमुळे लाईन बंद. गळणं, थांबवणं ही दोन्ही क्रियापदं नामं झाली (फ्वीत, आरे), आणि मधलं «म्हणून» जाऊन «आंत्रेने» हे एकच क्रियापद कारण आणि परिणाम जोडायला उरलं. मग पुढच्या ओळी: «रांप्लासमां द्यु ज्वॅं. रमीझ आं सेर्व्हीस आ कातोर्झ अर.» सील बदललं, दोन वाजता लाईन सुरू. कोणी बदललं ते कुठेच नाही.

हे तुला ओळखीचं वाटायला हवं. आपल्या तहसील कार्यालयाचं पत्र आठव: «जागेची तपासणी करण्यात आली.» तपासलं कोणी, देव जाणे. फ्रेंच «ला वेरिफिकासियों आ एते एफेक्त्युए» हा त्याचाच सख्खा भाऊ.

आता खरी अडचण. कुठल्या क्रियापदाला कुठलं शेपूट लागेल, हे नियमाने काढता येत नाही. वेरिफियेचं वेरिफिकासियों, रांप्लासेचं रांप्लासमां, नेत्वायेचं नेत्वायाज. आरेतेचं नुसतं आरे, शेपूटच नाही. मेत्रचं मीझ आणि प्रांद्रचं प्रीझ तर सरळ पाठच करायची. त्यातून एकाच क्रियापदाला दोन नामं असली की अर्थ फाटतो. रेग्ले म्हणजे व्हॉल्व्ह जुळवणं आणि बिल चुकतं करणंही. व्हॉल्व्हचं रेग्लाज, बिलाचं रेग्लमां. आरेतेचं आरे म्हणजे थांबणं, पण आरेस्तासियों म्हणजे पोलिसांनी केलेली अटक.

मी स्वतः काय केलं सांगतो. पहिल्या महिन्यात टाकी धुतल्याची नोंद करायची होती. लावे म्हणजे धुणं. रांप्लासमांच्या चालीवर मी ऐटीत «लावमां द ला क्यूव्ह» लिहिलं. धुण्याला लावाज म्हणतात. लावमां म्हणजे एनिमा. टाकीला एनिमा दिल्याची ती नोंद सकाळच्या पाळीने मोठ्याने वाचली, आणि पुढचे काही आठवडे कॉफी मशीनपाशी माझं दुसरं नाव नव्हतं. तेव्हापासून मी शेपूट अंदाजाने लावत नाही. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या वाचतो, तिथलंच नाम उचलतो, आणि शंका आली तर cnrtl.fr वर शब्द टाकून बघतो. तूही जाशील तिथल्या पन्नासेक जुन्या नोंदी आधी वाच. आपल्या कामाची नामं फार नसतात, तीच तीच येतात.

लिंगाचा फायदा मात्र आहे: सियों आणि त्यूर शेवटी असलेली नामं स्त्रीलिंगी, मां आणि आज लावून केलेली पुल्लिंगी. म्हणून «वेरिफिकासियों»पुढच्या «एफेक्त्युए»ला जादा e लागतो. कानाला काही फरक पडत नाही, त्यामुळे बोलून शिकलेल्यांची चूक नेमकी इथेच होते.

नकाराचीही गंमत आहे. नामाला «न… पा» लावता येत नाही. सूचना पाळली नाही, याचं होतं «नों-रेस्पे द ला कोंसीन्य». बोल्ट आवळले नव्हते, याचं «देफो द सेराज».

आणि थांबायचं कुठे? «ल कोंत्रोल द्यु तेक्निसियाँ» म्हणजे तंत्रज्ञाने केलेली तपासणी की तंत्रज्ञाचीच तपासणी? दोन्ही अर्थ निघतात. केलेली म्हणायची असेल तर «पार» वापर. एका ओळीत तीन «द» सलग आले की मी एक नाम मोडून परत क्रियापद करतो. अपघाताच्या रिपोर्टमध्ये तर हे करावंच लागतं, कारण तिथे पहिला प्रश्न कोणी काय केलं हाच असतो, आणि नामं नेमकं तेच गिळतात.

सहकाऱ्याला मेसेज करताना यातलं काही नको. लाईन सुरू झाली की मी एवढंच लिहितो: «से बों, सा तूर्न.»